न झालेल्या सामन्याचा निकाल

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा एक कबड्डी संघ धरला आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचे ठरवले, तरी ५५ सामने होतात. पंच, मैदान, खेळाडूंचे जेवण आणि गाड्यांचे डिझेल यांचा हिशेब मांडला की आयोजकांचा उत्साह विसाव्या सामन्याच्या आतच ओसरतो. आष्टी आणि परळी ही जिल्ह्याची दोन टोके. एका टोकाच्या पोरांनी दुसऱ्या टोकाला जायचे म्हणजे दिवस मोडतो. शिवाय दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात, आणि गावातल्या संघातले दोन-चार गडी त्या टोळीबरोबर निघून जातात. मग जवळचे संघ आपसात खेळतात, लांबचे सामने राहून जातात आणि शेवटी एका कागदावर गुणतक्ता तयार होतो. त्या तक्त्यावरून पुढे कोण जाणार हे ठरते, आणि निवड समितीची नजर कोणत्या संघातल्या खेळाडूंकडे वळणार हेही. जिल्हा संघात जागा बाराच असतात.

हा तक्ता साधारणपणे एकाच रीतीने लागतो. जास्त विजय मिळवणारा वर, विजय सारखे असतील तर गुणफरक जास्त असणारा वर. सगळे सगळ्यांशी खेळले असतील तर ही रीत चोख आहे. सामने अपुरे असतील तर मात्र तीच रीत अन्याय करते. हिशेबात चूक नसल्यामुळे तो अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही.

सहा संघांचे एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. निकाल कल्पित आहेत, एवढे ध्यानात ठेवावे. पश्चिमेकडचे आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार हे तीन संघ आपसात खेळले. आष्टीने पाटोद्याला १० गुणांनी आणि शिरूरला १४ गुणांनी हरवले, पाटोद्याने शिरूरला २ गुणांनी. पूर्वेकडे अंबाजोगाईने परळीला ४ आणि केजला ६ गुणांनी हरवले, परळीने केजला ९ गुणांनी. दोन्ही बाजूंना जोडणारे सामने दोनच झाले. केजने पाटोद्याला १३ गुणांनी हरवले आणि परळीने शिरूरला १९ गुणांनी. एकूण सामने आठ.

नेहमीचा तक्ता लावला तर आष्टी पहिली येते. दोन सामने, दोन विजय, गुणफरक अधिक २४. अंबाजोगाईचेही दोनातले दोन विजय आहेत, पण तिचा गुणफरक अधिक १०, म्हणून ती दुसरी. तिनातले दोन जिंकणारी परळी तिसरी, आणि तिनातला एकच जिंकणारे केज त्यानंतर. आष्टीच्या वेशीवर गुलाल उधळला जाईल आणि कोणी आक्षेपही घेणार नाही.

आता हेच आठ निकाल जरा निराळ्या नजरेने पाहावेत. पाटोद्याला आष्टीने १० गुणांनी हरवले आणि केजने १३ गुणांनी. म्हणजे या एका वाटेने पाहिले तर केज आष्टीपेक्षा ३ गुणांनी सरस ठरते. परळीने केजला ९ गुणांनी हरवले, म्हणून याच वाटेने परळी आष्टीच्या १२ गुण पुढे. दुसरी वाट शिरूरवरून जाते. आष्टीने शिरूरला १४ गुणांनी हरवले, परळीने १९ गुणांनी, म्हणून परळी आष्टीच्या ५ गुण पुढे. एक वाट १२ म्हणते, दुसरी ५ म्हणते. आष्टी आणि परळी एकमेकींसमोर उभ्याच राहिलेल्या नाहीत, तरी मधल्या संघांच्या आधाराने त्यांची तुलना होऊ शकते. अडचण एवढीच की वेगवेगळ्या वाटांची उत्तरे जुळत नाहीत, आणि सोयीची वाट निवडून भांडायला प्रत्येक गाव मोकळे असते.

गणिताने ही अडचण बरीच आधी सोडवली आहे. बुद्धिबळाच्या स्पर्धांत काही डाव अपुरे राहतात तेव्हा खेळाडूंची प्रतवारी कशी लावावी, यावर एर्न्स्ट झर्मेलो या जर्मन गणितज्ञाने १९२९ मध्येच लेख लिहिला होता. तो केवळ जय-पराजयावर बेतलेला होता. गुणफरक वापरणारी एक सोपी रीत अमेरिकेतल्या केनेथ मॅसी यांनी १९९७ मध्ये, विद्यार्थी असताना लिहिलेल्या प्रबंधात मांडली. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये शंभराहून अधिक संघ असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला डझनभर सामने येतात. बीडच्या आयोजकांची अडचण त्यांच्याकडे कित्येक पटींनी मोठी होती.

मॅसी यांच्या रीतीचा नियम एका वाक्यात सांगता येतो. संघाचा अंक म्हणजे त्याचा सरासरी गुणफरक, अधिक तो ज्यांच्याशी खेळला त्या संघांच्या अंकांची सरासरी. दुबळ्यांना मोठ्या फरकाने हरवले तर दुसरा भाग पहिल्याला खाली ओढतो. तगड्यांशी निसटते हरले तर तोच भाग वर उचलतो.

यात एक पेच दिसतो. आष्टीचा अंक काढायला पाटोद्याचा अंक हवा आणि पाटोद्याचा काढायला आष्टीचा. त्यावर उपाय असा की आधी प्रत्येकाचा सरासरी गुणफरक हाच त्याचा अंक धरायचा, त्यावरून सगळ्यांचे नवे अंक काढायचे, त्या नव्यांवरून पुन्हा नवे. एक्सेलच्या एका पानावर दहा-बारा फेऱ्या केल्या की अंक हलायचे थांबतात. शेवटी सोयीसाठी कोणत्याही एका संघाला शून्य धरता येते, कारण अर्थ अंकांमधल्या अंतरालाच असतो.

आष्टीला शून्य धरले तर वरच्या आठ निकालांतून असे अंक निघतात: अंबाजोगाई ९, परळी ७, केज १, आष्टी ०, पाटोदा उणे ११ आणि शिरूर उणे १३. ते पडताळून पाहणे सोपे आहे. अंबाजोगाईचा सरासरी गुणफरक ५, तिच्या प्रतिस्पर्ध्यांचे अंक ७ आणि १, त्यांची सरासरी ४, म्हणून ९. आष्टीचा सरासरी गुणफरक १२, पण प्रतिस्पर्धी उणे ११ आणि उणे १३, त्यांची सरासरी उणे १२, म्हणून शून्य. परळीचा सरासरी फरक ८, तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची सरासरी उणे १, म्हणून ७. परळी आष्टीच्या पुढे किती, या प्रश्नाला एक वाट १२ म्हणत होती आणि दुसरी ५. सगळ्या वाटा एकत्र तोलल्यावर उत्तर ७ आले.

तक्त्यात पहिली असलेली, एकही सामना न हरलेली आष्टी या हिशेबात चौथी आली. तिनातले दोन सामने हरलेले केज तिच्या पुढे गेले. हे कागदावर पाहून कोणीही चिडेल, आणि चिडणाऱ्याचे सगळेच चूक नाही.

त्यातली परळी आणि अंबाजोगाईची गोष्ट निराळी आणि केजची निराळी. या अंकांवरून आठही सामन्यांचे फरक परत काढून पाहिले तर परळी-केज सामन्यात ६ गुणांचा फरक अपेक्षित होता, प्रत्यक्षात ९ चा झाला. बाकीच्या सामन्यांतही एक-दोन गुणांची तफावत आहे, फक्त पाटोदा-शिरूर तंतोतंत जुळतो. ज्या मापाला स्वतःलाच तीन गुणांची डगमग आहे, त्याने केज आणि आष्टी यांच्यातला एका गुणाचा फरक खरा मानू नये. कबड्डीत एक लोण चढला की दोन गुण जादा मिळतात, तेव्हा एक गुण म्हणजे काहीच नव्हे. केज आणि आष्टी बरोबरीत आहेत, एवढेच म्हणता येते. पण अंबाजोगाई आणि आष्टी यांच्यात ९ गुणांचे अंतर आहे, आणि नेहमीच्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही.

तरीही हे ९ गुण कशावर उभे आहेत ते पाहायला हवे. पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारे सामने दोनच. त्यातल्या केज-पाटोदा सामन्याचा फरक १३ ऐवजी ३ असता तर? हिशेब पुन्हा केल्यास अंबाजोगाई ९ वरून ४ वर येते, परळी ७ वरून ३ वर आणि केज १ वरून उणे ५ वर. बाकीच्या सात निकालांना हात न लावता सगळी पूर्व बाजू चार ते सहा गुणांनी खाली सरकली. अंबाजोगाई तर त्या सामन्यात खेळलीही नव्हती. त्या दिवशी पाटोद्याचा मुख्य चढाईपटू सातारा किंवा कोल्हापूरच्या फडात असेल आणि त्यामुळे फरक १३ वर गेला असेल, तर त्याच्या गैरहजेरीचा भुर्दंड आष्टीने भरला असे होते. दुवा एकच असता तर दहाच्या दहा गुण पुढे सरकले असते. दोन असल्यामुळे तो धक्का साधारण निम्म्यावर आला.

दुवा एकही नसेल तर? मग कितीही फेऱ्या केल्या तरी पूर्वेचे अंक आणि पश्चिमेचे अंक एकमेकांशी जुळत नाहीत. एका बाजूच्या सगळ्या अंकांत शंभर मिळवले तरी सगळे निकाल तितकेच बरोबर बसतात. झर्मेलोनेही ही अट ओळखली होती. संघ सामन्यांच्या साखळीने एकमेकांशी जोडलेले नसतील तर त्यांची एकत्र प्रतवारी अस्तित्वातच नसते. नेहमीचा तक्ता मात्र तेव्हाही ठामपणे एकाखाली एक नावे छापतो. ही त्याची खरी खोड आहे.

रणजी करंडकात ही खोड टाळलेली दिसते. २०२४-२५ च्या हंगामात एलिट विभागात ३२ संघ होते, आठ-आठचे चार गट. मुंबई आणि महाराष्ट्र एका गटात, विदर्भ दुसऱ्यात. साखळीत गटाबाहेर सामनाच नाही, म्हणजे चार बेटे, मध्ये एकही पूल नाही. म्हणून ३२ जणांची एकत्र यादी न लावता प्रत्येक गटातले पहिले दोन संघ घेतले जातात आणि पुढचे बाद फेरीवर सोपवले जाते. त्या वर्षी विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले आणि पुढे करंडकही नेला. या पद्धतीतही एक गृहीत दडलेले आहेच. चारही गट सारख्याच ताकदीचे आहेत, असे ती मानून चालते. कठीण गटातला तिसरा संघ सोप्या गटातल्या दुसऱ्यापेक्षा सरस असला तरी घरी जातो. तालुक्यांचे गट चिठ्ठ्या टाकून न पाडता शेजार पाहून पाडले की हे गृहीत आणखी लंगडे होते, कारण आसपासची गावे एकमेकांशीच खेळून एकतर सगळी तयार झालेली असतात किंवा सगळी कच्ची राहिलेली.

जागतिक कसोटी अजिंक्यपदाची पद्धत याच्या उलट आहे. तिथे नऊ संघांची एकच यादी लागते, पण प्रत्येक संघ आठ प्रतिस्पर्ध्यांपैकी सहांशीच मालिका खेळतो. दोन कोणते सुटतात, याला यादीत जागा नाही. मिळालेले गुण भागिले मिळू शकणारे गुण, एवढाच हिशेब. २०२३-२५ च्या चक्रात दक्षिण आफ्रिकेने १२ कसोटींत आठ जिंकल्या, एक अनिर्णित राखली आणि ६९.४४ टक्के गुणांनी पहिले स्थान घेतले. त्या चक्रात त्यांच्या वाट्याला ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड आलेच नाहीत. भारत १९ कसोटी खेळला, त्यांत इंग्लंडविरुद्ध पाच आणि ऑस्ट्रेलियात पाच, आणि ५० टक्क्यांवर राहिला. आफ्रिकेला वाट सोपी मिळाली, अशी ओरड झाली. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर त्याच आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवले आणि ओरड थांबली.

ती थांबायला नको होती. आफ्रिकेचा संघ चांगला होता हे त्या सामन्याने दाखवले, यादी लावण्याची रीत चांगली होती हे नाही. आजारी माणूस चुकीच्या औषधानंतरही बरा होतो. मायदेशी न्यूझीलंडकडून ०-३ असा मार खाल्लेल्या भारतालाही प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा हिशेब लावून फार वर चढता आले असते असे नाही. पण किती वर, हा प्रश्न विचारण्याची सोयच त्या टक्केवारीत नाही. एवढा पैसा आणि एवढे सांख्यिकीतज्ज्ञ हाताशी असणाऱ्या खेळाने तो हिशेब न करणे हा निव्वळ आळस आहे.

जिल्ह्याच्या आयोजकांवर असा आरोप करता येणार नाही, त्यांच्याकडे वही आणि पेन असते. पण मॅसी यांची रीत जशीच्या तशी उचलून त्यावर विजेता जाहीर करणेही योग्य नाही. गुणफरकाला मोल आले की जिंकलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांतही दुबळ्यावर लोणावर लोण चढवत राहतो आणि राखीव पोरांना मैदान दिसत नाही. अमेरिकेत याच कारणावरून २००२ पासून अजिंक्यपदाच्या संगणकीय प्रतवारीतून गुणफरक काढून टाकण्यात आला. मधला मार्ग म्हणजे फरकावर मर्यादा घालायची, समजा १५ गुणांची. त्यापुढे कितीही गुण केले तरी १५ च मोजायचे. हा नियम मात्र पहिल्या सामन्याच्या आधी कागदावर हवा. निकाल लागल्यावर सुचलेल्या नियमाला गावात निराळेच नाव आहे.

शिवाय हा हिशेब हंगामभर संघ तोच राहतो असे मानतो. भाद्रपदातला शिरूरचा संघ आणि मार्गशीर्षातला शिरूरचा संघ यांत सातपैकी तीन गडी वेगळे असतील, तर दोन्ही निकाल एकाच नावाखाली लिहिणे कितपत खरे? यावर गणिताकडे उपाय नाही. वेळापत्रकाकडे आहे. जोडणारे लांबचे सामने दसऱ्याच्या आधी उरकायचे, शेजारचे सामने नंतरसाठी ठेवायचे. आज बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट होते. जवळचे आधी खेळून होते, लांबचे पुढे ढकलले जाते आणि पुढे ढकललेले होतच नाही.

त्यामुळे या अंकांचा उपयोग पहिला कोण हे जाहीर करण्यापेक्षा पुढचा सामना कोणाचा ठेवावा हे ठरवण्यासाठी करावा. वरच्या उदाहरणात नवव्या सामन्यापुरताच पैसा उरला असेल तर तो कुठे खर्चावा? पाटोदा-शिरूर पुन्हा खेळवून हाती काही लागत नाही, त्या दोघांचे अंतर आधीच नीट कळले आहे. अंबाजोगाई-परळी पुन्हा खेळवला तर गर्दी होईल, पण पूर्व-पश्चिमेचा प्रश्न जिथल्या तिथे राहील. आष्टी-अंबाजोगाई सामना मात्र तिसरा दुवा देतो आणि एकही सामना न हरलेल्या दोन संघांना समोरासमोर आणतो. तो आष्टीत ठेवला तर अंबाजोगाईवाले कुरकुरतील, अंबाजोगाईत ठेवला तर आष्टीवाले. बीड शहर दोघांनाही साधारण अर्ध्या वाटेवर पडते. सकाळी निघून सामना खेळून दोन्ही संघ रात्रीच्या जेवणाला घरी पोचतात.